पंख्याचा रेग्युलेटर गुणगुणतो किंवा वेग नीट बदलत नाही: दोष कुठे आणि कसा शोधावा

छताच्या पंख्याबद्दल दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिली अशी की जुना डबा काढून नवीन इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवल्यापासून पंखा मधल्या वेगावर गुणगुणू लागला आणि रात्री तो आवाज सहन होत नाही. दुसरी अशी की रेग्युलेटरवरचे आकडे आणि पंख्याचा वेग यांचा मेळ उरलेला नाही, म्हणजे एकवर पंखा फिरतच नाही, दोन आणि तीनला सारखाच फिरतो किंवा चारवरून पाचवर जाताना एकदम झेपावतो. दोन्ही तक्रारींवर साधारणपणे एकच उपाय होतो, तो म्हणजे रेग्युलेटर बदलणे, आणि बरेचदा काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. याचे कारण असे की रेग्युलेटर कोणत्या प्रकारचा आहे आणि दोष त्यातच आहे की पंख्यात, हे पाहण्याआधीच वस्तू बदललेली असते.

पुढील सर्व विवेचन २३० व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या पंख्याला लागू आहे, म्हणजे ज्याच्या वरच्या वाटीत कंडेन्सर असतो आणि जो पूर्ण वेगावर साधारण ७० ते ८० वॅट वीज घेतो, त्या पंख्याला. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती शेवटी येईल.

आधी पूर्ण वेगावर पाहा

रेग्युलेटर सर्वांत वरच्या आकड्यावर असतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये वीज आतल्या कोणत्याही भागातून न जाता सरळ पंख्याकडे जाते. त्यामुळे या स्थितीत पंखा कसा वागतो, यावरून निम्मा निकाल लागतो. पूर्ण वेगावर पंखा शांत आणि जोरात फिरत असेल आणि खालच्या आकड्यांवरच आवाज किंवा वेगाची गडबड होत असेल, तर संशय रेग्युलेटरवर घ्यावा. पूर्ण वेगावरही पंखा मंद असेल, सुरू होताना क्षणभर अडखळत असेल किंवा काठीने पाते ढकलल्यावरच फिरत असेल, तर रेग्युलेटरला हात लावू नये. अशा वेळी बहुधा पंख्याच्या वाटीतला कंडेन्सर क्षीण झालेला असतो. तो बहुतेक पंख्यांत २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा असतो, आणि जुन्यावर जो आकडा छापलेला असेल त्याच आकड्याचा नवा आणावा. जास्त आकड्याचा लावल्यास पंखा अधिक वेगाने फिरेल, ही समजूत चुकीची आहे. तसे केल्याने मोटारीची गुंडाळी तापते.

या तपासणीत विजेच्या दाबाचाही विचार करावा लागतो. पंख्याच्या मोटारीचा फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील तर जोर सुमारे एकतृतीयांशाने घटतो. ज्या गावांत संध्याकाळी दाब उतरतो तेथे दुपारी ठीक वाटणारा पंखा रात्री आठ वाजता रेंगाळतो, आणि दोष रेग्युलेटरच्या माथी मारला जातो. म्हणून निरनिराळ्या पायऱ्यांची तुलना एकाच बैठकीत करावी, सकाळी एक पायरी आणि रात्री दुसरी असे करू नये.

इन्व्हर्टरचेही तसेच आहे. स्वस्त इन्व्हर्टर साइन लहर न देता चौकोनी लहर देतात, आणि त्यावर कोणताही पंखा पूर्ण वेगावरसुद्धा गुरगुरतो. आवाज फक्त वीज गेल्यावरच येत असेल तर नवा रेग्युलेटर आणून काहीही साध्य होणार नाही.

भिंतीवर नेमके काय बसवले आहे

घरांमध्ये आढळणारे रेग्युलेटर ढोबळपणे चार प्रकारचे असतात, आणि बाहेरून पाहून त्यांतले तीन तरी ओळखता येतात.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे बोर्डाच्या शेजारी वेगळा ठोकलेला, भोके असलेला बॅकेलाइटचा किंवा पत्र्याचा डबा. त्यात चिनी मातीच्या नळीवर रोधक तार गुंडाळलेली असते आणि तिच्या ठरावीक अंतरांवरून पायऱ्या काढलेल्या असतात. पंखा कमी वेगावर तासभर चालवून डब्याला हात लावला तर तो स्पष्ट गरम लागतो. याच आकाराचा, पण हातात घेतल्यावर जड लागणारा दुसरा प्रकार चोकचा असतो. त्यात लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार असते. तो कमी तापतो, पण स्वतःच गुणगुणू शकतो.

मोड्युलर बोर्डात बसणारे छोटे रेग्युलेटर दोन प्रकारचे असतात. ज्याचे बटण टकटक न करता सलग फिरते त्यात ट्रायॅक नावाचा अर्धवाहक असतो. ज्याचे बटण आकड्यागणिक टक असा आवाज करून थांबते त्यात बहुधा कंडेन्सर असतात. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की काही पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्येही आत ट्रायॅकच असतो. शंका असल्यास सेलवर चालणारा रेडिओ मध्यम लहरींवर लावून, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवून, रेग्युलेटरजवळ न्यावा. ट्रायॅक असेल तर मधल्या वेगांवर रेडिओत कर्कश खरखर उठते आणि बटण फिरवल्यावर तिचा सूर बदलतो. कंडेन्सरच्या रेग्युलेटरमुळे अशी सततची खरखर होत नाही. ही चाचणी जुनी आहे, पण रेग्युलेटर न उघडता प्रकार ओळखण्याचा याहून सोपा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

गुणगुण: रेग्युलेटरची की पंख्याची

आवाज कोठून येतो हे आधी कानाने ठरवावे. बोर्डाला कान जवळ नेल्यावर आवाज वाढत असेल तर तो रेग्युलेटरचा, आणि पंख्याखाली उभे राहिल्यावर वाढत असेल तर मोटारीचा. हे सांगणे अनावश्यक वाटेल, परंतु रिकाम्या खोलीत भिंत आणि छत दोन्ही आवाज परतवतात आणि खाटेवर पडून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो.

रोधक तारेच्या जुन्या रेग्युलेटरमुळे मोटार गुणगुणत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. रोधक विजेचा दाब कमी करतो, पण तिच्या लहरीचा आकार बिघडवत नाही. मोटारीला मिळणारी लहर पूर्वीसारखीच गोलाईची राहते, फक्त उंचीने कमी होते. त्यामुळे अशा डब्यातून आवाज येत असेल तर त्याची कारणे अगदी स्थूल असतात. सैल झाकण थरथरत असेल, किंवा फिरत्या पट्टीचा स्पर्श सैल होऊन तेथे बारीक ठिणग्या पडत असतील. झाकणाचा आवाज बोटाने दाबल्यावर थांबतो. ठिणग्यांचा आवाज एकसंध नसतो, तो चर्र चर्र असा तुटक येतो आणि सोबत जळका वास येतो. असा डबा लगेच बंद करावा. चोकच्या डब्यातली गुणगुण मात्र एकसुरी असते. ५० हर्ट्झच्या विजेमुळे गाभ्याच्या पट्ट्या सेकंदाला १०० वेळा थरथरतात, आणि पट्ट्या आवळणारे बोल्ट किंवा त्यांवरचे वॉर्निश जुने झाले की तो थरथराट ऐकू येऊ लागतो. बोल्ट आवळल्यावर तो पुष्कळसा कमी होतो.

ट्रायॅकचे काम निराळे आहे. तो दाब कमी करत नाही, तर प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापून टाकतो आणि उरलेला भाग मोटारीला देतो. त्यामुळे मोटारीला वीज सावकाश चढत न मिळता सेकंदाला १०० वेळा झटक्याने मिळते. प्रत्येक झटक्यासरशी मोटारीच्या पट्ट्या आणि गुंडाळी किंचित हादरते, आणि तीच ती गुणगुण. लहर बरोबर माथ्यावर असताना तोडली तर झटका सर्वांत मोठा बसतो, म्हणून असा पंखा बटण साधारण मध्यावर असताना सर्वाधिक आवाज करतो आणि पूर्ण वेगाकडे नेल्यावर शांत होत जातो. ही लक्षणे जुळली तर रेग्युलेटरमध्ये बिघाड नाही. तो जसा बनवला आहे तसेच काम करतो आहे. दुकानातून त्याच प्रकारचा नवा आणून बसवला तर आवाजही तसाच राहील. काही पंखे असा झटका जास्त मुकाट्याने सोसतात, त्यामुळे एकाच घरात बैठकीतला पंखा शांत आणि झोपण्याच्या खोलीतला बोलका, असेही दिसते. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे कंडेन्सरचा पायऱ्यांचा रेग्युलेटर लावणे. सलग फिरणाऱ्या बटणाची सोय त्यात मिळत नाही, पण झोपण्याच्या खोलीत ती सोय कोणाला हवी असते हे मला आजवर कळलेले नाही.

ट्रायॅकच्या बाबतीत एक आवाज मात्र बिघाडाचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. ट्रायॅक किंवा त्याला चालना देणारा डायॅक अर्धवट खराब झाला की लहरीची एकच बाजू मोटारीला मिळते. मग पंखा गुणगुणत नाही, तर जड आवाजात घुरघुरतो, वेग घसरतो आणि थोड्याच वेळात मोटारीचे कवच नेहमीपेक्षा खूप तापते. अशा स्थितीत पंखा चालू ठेवल्यास गुंडाळी जळू शकते, म्हणून तो तत्काळ बंद करून रेग्युलेटर बदलावा. ट्रायॅक पूर्ण शॉर्ट झाला तर उलटे घडते: बटण कुठेही असले तरी पंखा पूर्ण वेगानेच फिरतो.

कंडेन्सरच्या रेग्युलेटरवर शुद्ध साइन लहर मिळत असताना पंखा गुणगुणत असेल, तर रेग्युलेटर सोडून वर पाहावे. हुकाला पंखा जेथे अडकवलेला असतो तेथील रबर झिजले असेल, वाटी दांड्याला टेकून थरथरत असेल किंवा बेअरिंग कोरडे झाले असेल. हे आवाज पूर्ण वेगावरही असतात, फक्त वाऱ्याच्या आवाजात दबून जातात.

असमान वेग: पायऱ्यांचा नमुना वाचावा

वेगाच्या तक्रारीत ‘पंखा नीट चालत नाही’ एवढ्या वर्णनाचा काही उपयोग नसतो. कोणत्या आकड्यावर काय होते, हे एका कागदावर क्रमाने लिहिले की रेग्युलेटर न उघडताही आतला कोणता भाग गेला हे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

जुन्या रोधकाच्या डब्यात तारेचे तुकडे एकामागोमाग जोडलेले असतात. पाचवर एकही तुकडा मध्ये येत नाही, चारवर एक येतो, तीनवर दोन, आणि असे करत एकवर सगळे येतात. समजा तीनच्या वाट्याची तार तुटली. मग पाच आणि चारवर पंखा व्यवस्थित फिरेल, पण तीन, दोन आणि एक या तिन्हींवर तो मुळीच फिरणार नाही, कारण त्या सर्वांचा रस्ता त्याच तुटलेल्या तुकड्यातून जातो. याउलट फक्त तीनवर पंखा बंद पडत असेल आणि दोन व एकवर फिरत असेल, तर तार शाबूत आहे आणि केवळ तीनच्या बिंदूवरचा धातूचा स्पर्श काळा पडला आहे. पहिल्या दोषात डबा टाकून द्यावा लागतो, तर दुसऱ्यात वीज बंद करून बारीक पॉलिश पेपरने बिंदू घासला आणि पट्टीला ताण दिला की काम होते. दोन लगतच्या आकड्यांवर सारखाच वेग मिळत असेल तर मधल्या तुकड्याचे वेढे एकमेकांना टेकले आहेत असे समजावे.

कंडेन्सरच्या रेग्युलेटरमध्ये मांडणी वेगळी असते. चार पायऱ्यांच्या एका प्रचलित मांडणीत २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे दोनच कंडेन्सर असतात. एकवर पहिला, दोनवर दुसरा, तीनवर दोन्ही मिळून ५.५, आणि चारवर सरळ वीज. कंडेन्सर जेवढा लहान तेवढा तो विजेला जास्त अडवतो: ५० हर्ट्झवर २.२ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे १,४५० ओहम, ३.३ चा सुमारे ९६५ ओहम आणि ५.५ चा सुमारे ५८० ओहम होतो. अडवताना तो रोधकासारखा तापत नाही आणि लहरीला खाचही पाडत नाही. पाच पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये मांडणी उत्पादकानुसार बदलते, पण तत्त्व हेच असते.

या मांडणीचा एक प्रत्यक्ष दाखला देतो. आमच्या सोसायटीतल्या एका घरात चार पायऱ्यांचा रेग्युलेटर होता आणि तक्रार अशी होती की दोनवर पंखा एकपेक्षाही हळू फिरतो. वायरमनने आधीच पंख्याचा कंडेन्सर बदलून पाहिला होता आणि त्याने काहीच फरक पडला नव्हता. चारवर पंखा जोरात फिरत असताना तो फरक पडणारही नव्हता. वेग मोजण्यासाठी एका पात्याला रंगीत चिकटपट्टी लावली आणि दिवसाच्या उजेडात मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचे स्लो मोशन चित्रीकरण केले. एलईडी दिव्याखाली हे चित्रीकरण करू नये, कारण काही दिव्यांच्या लुकलुकण्याने पट्टी भलतीकडेच दिसते. पट्टी एका जागेहून निघून परत तेथे येईपर्यंत किती चित्रे सरकली हे मोजायचे आणि १४,४०० ला त्या संख्येने भागायचे, की मिनिटाचे फेरे मिळतात. प्रत्येक पायरीवर बटण फिरवल्यानंतर वेग स्थिर होण्यासाठी दीडदोन मिनिटे थांबणे आवश्यक असते.

चारवर एका फेऱ्याला ४२ चित्रे लागली, म्हणजे सुमारे ३४३ फेरे. ४८ इंची पंख्यासाठी हा वेग उत्तम आहे. तीनवर ६० चित्रे, म्हणजे २४० फेरे. एकवर १०६ चित्रे, म्हणजे १३६ फेरे. आणि दोनवर ११५ चित्रे, म्हणजे अवघे १२५ फेरे. चार ठीक आहे, त्यामुळे पंखा आणि विजेचा दाब निर्दोष. एकवरचा वेग त्या पायरीला शोभेसा आहे, त्यामुळे २.२ चा कंडेन्सर ठीक. दोन आणि तीन या दोन्ही पायऱ्या अपेक्षेपेक्षा मंद आहेत, आणि या दोन्हींत सामाईक असलेला भाग एकच, तो म्हणजे ३.३ चा कंडेन्सर. तो इतका घटला असला पाहिजे की २.२ पेक्षाही लहान झाला आहे.

रेग्युलेटर उतरवून, एक पाय सोडवून मीटरवर मोजले तेव्हा पहिला कंडेन्सर २.१४ आणि दुसरा १.९७ मायक्रोफॅरड भरला. ३.३ ऐवजी १.९७. दोन्ही मिळून ५.५ ऐवजी ४.११, म्हणून तीनही मंद. नवा रेग्युलेटर लावल्यावर एकवर पूर्वीइतकीच १०६ चित्रे लागली, दोनवर ७६ म्हणजे १८९ फेरे, आणि तीनवर ५१ म्हणजे २८२ फेरे मिळाले. चारवर काहीच बदल झाला नाही, आणि तसेच अपेक्षित होते.

कंडेन्सर असा हळूहळू का घटतो, हेही पाहण्यासारखे आहे. यातला कंडेन्सर प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा विरळ थर देऊन केलेला असतो. विजेच्या दाबात क्षणिक उसळी आली की फितीत एखाद्या ठिकाणी सूक्ष्म छिद्र पडते, आणि त्या छिद्राभोवतीचा धातू उडून जाऊन कंडेन्सर स्वतःच ते बुजवतो. शॉर्ट टळतो, पण तेवढा धातू कायमचा जातो. अशा असंख्य छिद्रांनी किंमत घटत राहते आणि रेग्युलेटर कधी बंद न पडता फक्त मंदावत जातो. बोर्डाच्या बंदिस्त पेटीतली उष्णता, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आणि वारंवार उसळणारा दाब यांमुळे हे लवकर घडते. त्यामुळे एकाच खोलीतला रेग्युलेटर पुन्हा पुन्हा जात असेल तर त्या खोलीच्या फेज आणि न्यूट्रलची टोके सैल आहेत का, हे अवश्य पाहावे. सैल जोडातली ठिणगी दरवेळी अशी एक उसळी देत असते.

याच मांडणीतले इतर नमुनेही आता वाचता येतील. एकवर पंखा बंद आणि तीनवर दोनइतकाच वेग, म्हणजे पहिला कंडेन्सर पूर्ण तुटला. दोनवर आणि तीनवर एकदम पूर्ण वेग, म्हणजे दुसरा शॉर्ट झाला. एक, दोन, तीन ठीक पण चारवर पंखा बंद, म्हणजे कंडेन्सर उत्तम आणि बटणाचा शेवटचा स्पर्शबिंदू जळला.

ट्रायॅकच्या रेग्युलेटरमध्ये पायऱ्या नसल्याने असा तक्ता करता येत नाही, पण त्याचे दोन स्वभाव ठाऊक असावेत. बटण कमीवर असताना पंखा सुरू होत नाही आणि बरेच पुढे नेल्यावर अचानक सुरू होतो, मग मागे आणले तरी फिरत राहतो. हा दोष नसून त्या मांडणीचा गुण आहे. कमी वेगावर पंखा आपोआप मंद-जलद होत राहतो, तेव्हा मात्र बहुधा बटणाखालची कार्बनची पट्टी झिजलेली असते, आणि बटण किंचित हलवल्यावर वेग उडतो यावरून ते कळते. बटण न हलवताही रात्री दाब उतरताच वेग फार पडत असेल तर तोही स्वभावच, कारण डायॅक सुमारे ३२ व्होल्ट जमल्याशिवाय चालना देत नाही. दाब कमी झाला की ते व्होल्ट जमायला उशीर लागतो आणि लहर आणखी जास्त कापली जाते. अशा भागात ट्रायॅक न लावणेच बरे.

उघडण्यापूर्वी

रेग्युलेटरचे बटण किंवा पंख्याचा स्विच बंद करणे पुरेसे नाही. खोलीची एमसीबी खाली करून टेस्टरने खात्री करावी, आणि तीही दोन्ही तारांवर, कारण कित्येक जुन्या घरांत स्विच किंवा रेग्युलेटर फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेला आढळतो. तसे असेल तर स्विच बंद असतानाही पंख्याच्या टोकांपर्यंत फेज पोहोचलेली असते. ही जोडणी याच वेळी सुधारून घ्यावी. कंडेन्सरला समांतर एक मोठा रोधक असतो आणि तो साठलेली वीज काही सेकंदांत काढून टाकतो. पण तो रोधकच तुटलेला असू शकतो, म्हणून अर्धा मिनिट थांबून, बोट न लावता, मीटरने टोके मोजावीत. हे जमत नसेल तर वर सांगितलेला वेगांचा कागद वायरमनच्या हाती द्यावा, त्याचे अर्धे काम झालेले असते.

आतला कंडेन्सर सुटा मिळाल्यास बदलता येतो, मात्र त्यावर २५० व्होल्ट एसी किंवा अधिक असे छापलेले हवे. डीसीचा आकडा पाहून घेतलेला कंडेन्सर फार टिकत नाही. कामाची सवय नसणाऱ्याने अख्खा रेग्युलेटर बदलणेच सोयीचे.

जुना डबा काढावा का

जुना रोधकाचा डबा चांगला चालत असेल तर तो आवाजाच्या कारणासाठी काढण्याची गरज नाही. आवाजाच्या बाबतीत तो ट्रायॅकपेक्षा सरस आहे. काढायचा असेल तर उष्णतेसाठी काढावा. समजा मधल्या पायरीवर २०० ओहम रोधकातून ०.२५ अँपिअर वीज जात असेल, तर १२.५ वॅट नुसते भिंत तापवण्यात जातात, आणि रोज दहा तासांच्या हिशेबाने महिन्याला पावणेचार युनिट होतात. बचत मोठी नाही. पण लाकडी बोर्डावर ठोकलेला, धूळ साचलेला आणि भोके रंगाने बुजलेला डबा धोकादायक असतो, आणि असे डबे जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजून पुष्कळ आहेत. तो काढून कंडेन्सरचा रेग्युलेटर लावावा. डब्यातली रोधकाची नळी मात्र काढून मोड्युलर बोर्डाच्या प्लास्टिक पेटीत बसवण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

कंडेन्सरच्या रेग्युलेटरलाही मर्यादा आहेत. त्यातल्या किमती एका नेहमीच्या पंख्यासाठी ठरवलेल्या असतात, म्हणून दोन पंखे एका रेग्युलेटरवर जोडले तर खालच्या पायऱ्यांवर दोघांनाही फार कमी दाब मिळतो आणि एकवर ते हलतही नाहीत. कमी वीज घेणारा ५० वॅटच्या आसपासचा पंखा लावला तर उलट होते, म्हणजे त्याला दाबाचा मोठा वाटा मिळतो आणि खालच्या पायऱ्याही वेगवान होऊन सगळे वेग वरच्या बाजूला दाटतात. २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा बचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यानंतर असे पंखे घरोघर आले आहेत, आणि नवा पंखा आणल्यावर जुन्या रेग्युलेटरच्या पायऱ्या बदलल्यासारख्या वाटतात त्याचे कारण हेच. येथे दोन्ही वस्तू निर्दोष असतात. त्या पंख्याच्या उत्पादकाने सुचवलेला रेग्युलेटर लावल्यास वेग पुन्हा पसरतात.

राहिला बीएलडीसी पंखा. त्याच्या आत स्वतःची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि ती वेग स्वतः सांभाळते, त्यामुळे तिच्या मागे भिंतीवरचा कोणताही रेग्युलेटर नको, अगदी पूर्ण वेगावर ठेवलेलाही नको, कारण घरातले कोणीतरी तो कधीतरी फिरवतेच. असा पंखा बसवताना रेग्युलेटरच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना नीट जोडाव्यात, जोड इन्सुलेशन टेपने झाकावा आणि बोर्डावरच्या त्या जागी कोरी पट्टी लावावी.